खळ, निऱ्या आणि घडीवरची चीर

घरात हातमागाचे एखादे जुने सुती पातळ असेल, तर ते उलगडून उजेडासमोर धरून पाहा. मधली वीण अजून चांगली घट्ट दिसते. पण काही ठरावीक सरळ रेषांवर सूत विरळ झालेले असते आणि क्वचित बोटभर चीरही पडलेली असते. या रेषा नेसताना ताण बसतो तेथेच असतात असे नाही. पातळाची नेहमीच्या सवयीने घडी घालून पाहा, म्हणजे बहुतेक रेषा बरोबर घडीच्या कडेवर येतील. म्हाताऱ्या बायका म्हणतात, ‘पातळ घडीवर विरलं.’ हे निरीक्षण अगदी नेमके आहे.

आमच्या दर्यापूरला अकरावीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने यावरूनच एक प्रश्न विचारला होता. तिची आई म्हणे, खळ घातल्यामुळे पातळ जास्त दिवस टिकते. मावशीचे म्हणणे उलटे होते : खळीनेच पातळ फाटते. खरे कोणाचे? वर्गातल्या मुलांनी लगेच दोन बाजू घेतल्या. पण हा प्रश्न मतांनी सुटण्यासारखा नाही. तो सोडवायला तुळई कशी वाकते याविषयीचे थोडेसे पदार्थविज्ञान आणि कापडाची एक पट्टी पुरते.

आधी खळ म्हणजे काय ते पाहू. भाताची पेज, साबुदाणा, आरारूट, मक्याचे पीठ, मैदा यांपैकी काहीही वापरले तरी कामाचा पदार्थ एकच असतो, तो म्हणजे पिष्ट, ज्याला आपण स्टार्च म्हणतो. मैद्यात पिष्टाबरोबर प्रथिनेही असतात, म्हणून त्याची खळ जरा चिकट आणि खरबरीत होते. पिष्टाचे रेणू ग्लुकोजच्या शेकडो-हजारो कड्या एकमेकींत गुंफून झालेले असतात. त्यांत दोन प्रकार असतात. अमायलोजच्या साखळ्या सरळ असतात, तर अमायलोपेक्टिनच्या साखळ्यांना झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात. कापसाचा तंतू सेल्युलोजचा, आणि सेल्युलोजही ग्लुकोजच्याच कड्यांचे; फक्त कड्या जोडण्याची रीत वेगळी. त्यामुळे या दोघांचे चांगले जमते. पिष्टाचे रेणू सेल्युलोजच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून बसतात, आणि हे बंध पाण्याने सुटतातही. कापडाला लावता येणारा आणि धुऊन काढता येणारा डिंक हवा असेल, तर याहून सोयीचा पदार्थ मिळणे कठीण.

मात्र कच्चे पिष्ट या कामाचे नाही. आरारूट थंड पाण्यात कालवा आणि थोडा वेळ ठेवा, ते तळाशी बसते. त्याचे सूक्ष्म कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. पाणी तापवत नेले, की साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान (हे तापमान धान्यागणिक थोडे बदलते) कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि आतल्या साखळ्या पाण्यात मोकळ्या होतात. दुधासारखे पांढरे दिसणारे पाणी एकाएकी अर्धपारदर्शक आणि दाट होते. याच क्षणी खळ ‘शिजली’ असे समजावे. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले, तर गोळ्याचा बाहेरचा भाग आधी शिजून चिकट होतो, आत पाणी शिरू देत नाही आणि गुठळ्या होतात. म्हणून पीठ आधी थंड पाण्यात कालवायचे असते.

खळीशी पातळाची पहिली भेट घरात होत नाही, मागावर चढण्यापूर्वीच होते. नागपूरचे कोष्टी विणकर ताण्याच्या सुताला, म्हणजे लांबीच्या दिशेने जाणाऱ्या उभ्या धाग्यांना, विणण्यापूर्वी खळ पाजत आले आहेत. या क्रियेला पाजणी म्हणतात. सूत लांब ताणून त्यावर कुंच्याने खळ चोळत नेली, की धाग्याबाहेर आलेली लव खाली बसते. मग मागाच्या फणीतून हजारो वेळा घासत जाताना धागा तुटत नाही. म्हणजे येथे खळ सुताचे रक्षणच करते. दुकानातून आणलेले कोरे पातळ ताठ लागते याचे एक मोठे कारण हीच खळ. पहिल्या धुण्यात ती निघते, पातळ एकदम मऊ पडते आणि ‘रया गेली’ अशी तक्रार सुरू होते. तेथून पुढे घरच्या खळीची पाळी.

आता मूळ गोष्टीकडे वळू. खळीमुळे कापड ताठ का होते? कापडावर कडक पापुद्रा बसतो म्हणून, असे उत्तर सहज सुचते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. शंभर पानांची वही हातात घ्या आणि वाकवा. ती सहज वाकते, कारण पाने एकमेकांवरून सरकतात. वहीच्या मोकळ्या कडेकडे पाहिले तर हे सरकणे डोळ्यांना दिसते. आता कल्पना करा की प्रत्येक पान शेजारच्या पानाला डिंकाने पूर्ण चिकटवले आहे. तोच कागद, तेवढीच जाडी, आणि डिंकाचे वजन तर नगण्य. पण वहीचा पुठ्ठा नव्हे, फळी झाली! पाने सरकू शकत नाहीत म्हणून वाकवताना बाहेरच्या पानांना ताणावे लागते आणि आतल्यांना दाबावे लागते.

धाग्याचेही असेच आहे. चांगल्या सुती पातळाला ८० नंबरचे बारीक सूत लागते. त्याचा व्यास सुमारे ०.१ मिलिमीटर असतो आणि आडव्या छेदात कापसाचे साधारण पन्नास तंतू असतात. हे तंतू पिळाने एकत्र राहतात, पण चिकटलेले नसतात. धागा वाकला, की ते एकमेकांवरून घसरतात. अशा मोकळ्या जुडग्याची ताठरता एका तंतूच्या ताठरतेच्या सुमारे पन्नासपट असते. हेच पन्नास तंतू संपूर्ण चिकटून एक काडी झाली, तर तिची ताठरता एका तंतूच्या ५० × ५० म्हणजे २,५०० पट होते. दोन टोकांत पन्नासपटींचा फरक! घरची खळ तंतूंना सगळीकडे नाही, ठिकठिकाणी चिकटवते, म्हणून खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी पडतो. हातमागाचे कापड बहुधा गिरणीच्या कापडाइतके ठासून विणलेले नसते. त्याचे धागेही एकमेकांवर जास्त सरकतात, आणि म्हणून खळीचा फरक त्यात अधिक जाणवतो.

‘ताठ’, ‘कडक’, ‘लोळागोळा’ हे शब्द हाताच्या अंदाजाचे. एफ. टी. पिअर्स या ब्रिटनमधील वस्त्रशास्त्रज्ञाने १९३० साली कापडाचा हा स्पर्श मोजायची एक साधी रीत दिली. ती आजही कापडाच्या प्रयोगशाळांत वापरतात, आणि शाळेतही करता येते.

एका जाड पुठ्ठ्यावर काटकोन त्रिकोण काढा. पाया २० सें.मी., उंची १७.७ सें.मी. त्याचा उतार पायाशी ४१.५ अंशांचा कोन करतो. असे दोन त्रिकोण कापून समोरासमोर उभे करा आणि त्यांच्या माथ्याला लागून तेवढ्याच उंचीचा सपाट ठोकळा किंवा पुस्तकांची चळत ठेवा. कापडाची २.५ सें.मी. रुंद आणि २० सें.मी. लांब पट्टी त्या सपाट भागावर ठेवून वर मोजपट्टी ठेवा आणि दोन्ही मिळून हळूहळू पुढे सरकवा. पट्टीचे टोक हवेत येते, स्वतःच्या वजनाने खाली वाकते आणि शेवटी उताराच्या रेषेला टेकते. त्या क्षणी किती लांबी बाहेर आली ते मोजा. तिच्या निम्म्याला आपण वाक-लांबी म्हणू. कोन ४१.५ अंशांचाच का? त्या कोनाला गणित सोपे होऊन बरोबर निम्मी लांबी येते, एवढेच. पट्टी पालथी करून आणि दुसऱ्या टोकाकडूनही मोजा, आणि चारही मापांची सरासरी घ्या.

पिअर्सचे सूत्र असे :

ताठरता = दर चौरस सें.मी. कापडाचे वजन × वाक-लांबी × वाक-लांबी × वाक-लांबी

एक उदाहरण करून पाहू. समजा, कापडाचे वजन दर चौरस सें.मी.ला ८ मिलिग्रॅम आहे. धुतलेल्या, बिनखळीच्या पट्टीची ४ सें.मी. लांबी बाहेर आल्यावर टोक टेकले. वाक-लांबी २ सें.मी., म्हणून ताठरता ८ × ८ = ६४. त्याच कापडाच्या खळ घातलेल्या पट्टीचे टोक ८ सें.मी. लांबीला टेकले. वाक-लांबी ४ सें.मी., वजन किंचित वाढून ८.१५ मि.ग्रॅ. झाले असे धरू. ताठरता ८.१५ × ६४ = सुमारे ५२०. वजन दोन टक्क्यांहूनही कमी वाढले आणि ताठरता आठपट झाली. पापुद्र्याच्या वजनाने असे होणे शक्य नाही. सरकणे थांबल्याचा हा परिणाम आहे.

नेसल्यावर याचा परिणाम निऱ्यांत दिसतो. मऊ कापड जवळजवळ, बारीक लाटांत पडते आणि अंगाला चिकटते. ताठ कापडाला बारीक वळण घेणे जड जाते. म्हणून त्याच्या निऱ्या कमी, मोठ्या आणि सुट्या राहतात, पदर खांद्यावर उभा राहतो, आणि अंग व कापड यांच्यामध्ये हवा खेळायला जागा उरते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४४ अंशांवर जातो. त्या दिवसांत खळीच्या सुती पातळाला बायका पसंती देतात ती केवळ दिसण्यासाठी नव्हे. फरक डोळ्यांनी पाहायचा असेल, तर कापडाची ३० सें.मी. व्यासाची चकती १८ सें.मी. व्यासाच्या डब्यावर मधोमध ठेवा आणि वरून दिवा धरून खाली पडणारी सावली कागदावर काढून घ्या. मऊ कापडाची सावली लहान आणि अनेक पाकळ्यांची येते. ताठ कापडाची मोठी येते आणि पाकळ्या कमी असतात.

खळ किती घालावी, याचाही हिशोब करून पाहू. समजा, पातळ वाळलेले असताना अर्धा किलो भरते. ६० ग्रॅम आरारूट अर्ध्या वाटी थंड पाण्यात कालवून ते एक लिटर उकळत्या पाण्यात ढवळत ओतले, शिजल्यावर फडक्यातून गाळले आणि एकूण ३ लिटर होईल इतके कोमट पाणी घातले. ही झाली २ टक्क्यांची खळ. पण धुऊन पिळलेल्या पातळातच सुमारे अर्धा लिटर पाणी असते. ते मिसळल्यावर साडेतीन लिटरमध्ये ६० ग्रॅम, म्हणजे खळ १.७ टक्क्यांवर येते. पिळून काढल्यावर पातळ साधारण आपल्या वजनाइतके द्रव धरून ठेवते. अर्ध्या लिटरबरोबर साडेआठ ग्रॅम पिष्ट पातळात राहते. वरच्या उदाहरणातली दोन टक्क्यांहून कमी वाढ हीच.

उरलेल्या खळीत त्याच मापाचे दुसरे ओले पातळ बुडवले, तर तेही स्वतःबरोबर अर्धा लिटर पाणी आणते आणि खळ दीड टक्क्याच्याही खाली जाते. तिसऱ्याला आणखी पातळ खळ मिळते. एकाच घमेल्यातून काढलेली शेवटची पातळे मऊ का राहतात, याचे कारण एवढे साधे आहे. म्हणून ज्याला खळ कमी हवी ते शेवटी बुडवावे.

खळ कोमट आणि पातळ असेल तर ती धाग्याच्या आत शिरते. गार आणि दाट खळीतल्या अमायलोजच्या साखळ्या एकमेकींना बिलगून जाळे करू लागतात, आणि अशी खळ आत न जाता वरच राहते. गडद रंगाच्या पातळावर पांढरे पट्टे दिसतात आणि झटकल्यावर भुकटी पडते ती अशा खळीची. आणि ही भुकटी पडते म्हणून अनेक जण पुढच्या वेळी खळ आणखी घट्ट करतात! उपाय नेमका उलटा आहे : खळ पातळ करा, गाळा आणि कोमट असतानाच वापरा.

खळीच्या ताठपणाचा खरा शत्रू हवेतला ओलावा. भाजलेला पापड पावसाळ्यात उघडा राहिला की सादळतो. पातळही तसेच सादळते, आणि दोन्हींचे कारण एकच. कोरडे पिष्ट काचेसारखे असते : कडक आणि ठिसूळ. पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्यांमध्ये शिरले, की साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि काचेचे रबर होते. इस्त्री करणारा पाणी शिंपडून, पातळ गुंडाळून काही वेळ ठेवतो, त्यामागचे तत्त्व हेच. ओलावा आणि उष्णता मिळून पिष्टाला मऊ करतात, इस्त्री त्याला सपाट करते आणि पाणी उडून गेले की ते त्याच आकारात गोठते. कोरड्या खळीवर कोरडी इस्त्री कितीही दाबली तरी सुरकुती जात नाही. मग इस्त्री अधिक तापवली जाते, पिष्ट करपून पिवळट होते, आणि त्याच्याबरोबर खालचे सेल्युलोजही भाजून निघते.

येथे आमच्या भागातली एक गोष्ट सांगायला हवी. दर्यापूर पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आणि जड असते. साबण त्यात फेस देत नाही, कारण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. तो सुतावर बसतो, कापड मळकट दिसते आणि तंतूला तेलकट लेप लागल्यामुळे खळ नीट धरत नाही. दुसरी अडचण खळ घातल्यानंतरची. समजा, शेवटचे पाणी विहिरीचे आहे आणि त्यात लिटरला २ ग्रॅम क्षार आहेत. पातळात अर्धा लिटर पाणी राहते, म्हणजे वाळल्यावर एक ग्रॅम क्षार आत उरतात. त्यांतले मॅग्नेशियमचे आणि कॅल्शियमचे क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेणारे. साडेआठ ग्रॅम खळीत असे क्षार मिसळले, की पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही. दमट सकाळीदेखील पातळ सादळते. म्हणून बाकी धुणे कोणत्याही पाण्याने होवो, पण शेवटचे खळबळणे आणि खळीचे पाणी गोडे असावे. आज गावात नळाला शहानूर धरणाचे पाणी येते. पावसाचे धरून ठेवलेले पाणी तर उत्तमच.

आता घडीवरच्या चिरेकडे येऊ. कोणतीही वस्तू वाकवली, की बाहेरची बाजू ताणली जाते. किती, तर जाडीचा निम्मा भागिले वळणाची त्रिज्या इतकी. समजा, दाबून घातलेल्या घडीच्या कडेवर वळणाची त्रिज्या अर्धा मिलिमीटर आहे. कापसाचा एक तंतू सुमारे ०.०१५ मि.मी. जाड असतो. तो मोकळा असेल आणि एकटाच वाकत असेल, तर त्याच्या बाहेरच्या बाजूवर पडणारा ताण ०.००७५ भागिले ०.५, म्हणजे दीड टक्का. कापसाचा तंतू साधारण ६ ते ८ टक्के ताणला गेल्यावर तुटतो. तेव्हा दीड टक्क्याने काही बिघडत नाही.

पण खळीने सगळे तंतू चिकटून धाग्याची एक काडी झाली असेल, तर जाडी ०.०१५ नव्हे, ०.१ मि.मी. धरावी लागते. मग बाहेरच्या तंतूंवरचा ताण ०.०५ भागिले ०.५, म्हणजे १० टक्के! हा आकडा तुटण्याच्या मर्यादेच्या पलीकडचा आहे. जे सरकणे थांबवून आपण निऱ्यांना ताठपणा दिला, तेच सरकणे घडीवर तंतूला वाचवत होते.

हा हिशोब टोकाचा आहे, हे लक्षात घ्या. प्रत्यक्षात पहिल्या घडीलाच पातळ तुटत नाही. पिष्ट स्वतः ठिसूळ असल्याने बहुधा तेच आधी तडकते आणि तंतूंना पुन्हा थोडी मोकळीक मिळते. कडक खळीचे पातळ घडी घालताना कुरकुरते तो आवाज या तडकण्याचाच. पण तडकलेल्या पिष्टाच्या कडा धारदार असतात. पुन्हा त्याच रेषेवर घडी, पुन्हा त्यावर तापलेली इस्त्री, असे महिनोन् महिने चालले की बाहेरच्या बाजूचे तंतू एकेक करून तुटत जातात. हलक्या खळीत तंतू थोड्याच ठिकाणी जोडलेले असतात आणि धोका त्या मानाने बराच कमी असतो. घडीची जागा दर वेळी दोन बोटे सरकवली, तर इजा एका रेषेवर साचत नाही. घडीच्या कडेवरून इस्त्री फिरवण्याची मात्र काहीच गरज नसते. शोभेसाठी केलेली ती कडक कड मला कधीच पटलेली नाही.

खळीचा दुसरा तोटा कापड फाटताना दिसतो, आणि त्याचा प्रयोग फार बोलका आहे. एकाच जुन्या सुती कापडाचे दोन सारखे तुकडे घ्या आणि एकाला घट्ट खळ घालून वाळवा. दोघांनाही मध्ये ५ सें.मी. चीर द्या. चिरेचा एक पाय वर खिळ्याला अडकवा, दुसऱ्या पायाला पिशवी बांधा आणि तीत वाळू हळूहळू ओता. चीर पुढे धावू लागली की थांबा आणि वाळू तोला. खळीच्या तुकड्याला कमी वाळू लागते. बिनखळीच्या कापडात चिरेच्या टोकाशी असलेले धागे ओढले जाऊन एकत्र गोळा होतात आणि भार वाटून घेतात. भिंगातून पाहिले तर ही धाग्यांची लहानशी फौज स्पष्ट दिसते. खळीने धागे जागच्या जागी खिळलेले असले, की चिरेसमोर एका वेळी एकदोनच धागे येतात आणि एकामागून एक तुटतात. म्हणून खळीच्या पातळाची टाच पायाखाली आली किंवा ते खिळ्याला अडकले, तर ‘टर्र’ असा आवाज येऊन लांब चीर जाते. मऊ पातळ बहुतेक वेळा थोडे ओढले जाऊन सुटते.

मग आईचे म्हणणे? तेही पोकळ नाही. खळीने धाग्याची लव बसते, कापडाचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि साध्या घासण्याने होणारी झीज कमी होते. पाजणीत विणकर जो फायदा घेतो तोच हा. शिवाय धूळ आणि घाम सुतात मुरण्याऐवजी बऱ्याच अंशी खळीच्या थरावर राहतात. पुढच्या धुण्यात खळ सुटते तेव्हा मळ तिच्याबरोबर निघून जातो. पातळ दगडावर कमी आपटावे लागते, ब्रश कमी फिरवावा लागतो, आणि आपटण्या-घासण्याने तंतूंचे जे हाल होतात ते वाचतात. नेसून, धुऊन, पुन्हा नेसायच्या पातळाला हलकी खळ हितकारक आहे, असे मला वाटते. मावशीचे म्हणणे खरे ठरते ते कडक खळीच्या, त्याच घडीवर इस्त्री झालेल्या आणि तसेच पेटीत पडून राहिलेल्या पातळाबाबत.

पेटीतल्या पातळाला तर आणखी एक धोका असतो. पिष्ट हे अन्न आहे, आणि ते खाणारे आपल्या घरात राहतात. कसर हा चंदेरी, बिनपंखी किडा पिष्टावर जगतो. तो पुस्तकांच्या बांधणीतली खळही सोडत नाही. खळ खाताना खालचे सूतही कुरतडले जाते. दमट जागी बुरशी येते ती आधी पिष्टावर वाढते आणि मग तिची काही विकरे सेल्युलोजही तोडू लागतात. पातळावर काळे ठिपके दिसतात आणि त्या जागी सूत चिमटीत धरले तरी तुटते. म्हणून आजीचे जपून ठेवायचे पातळ, किंवा पावसाळ्याचे चार महिने ज्याला हात लागणार नाही असे पातळ, खळ पूर्ण काढून, चांगले वाळवून आणि सैल गुंडाळून ठेवावे.

खळ पूर्ण काढणे मात्र वाटते तितके सोपे नाही. वाळलेल्या खळीतल्या अमायलोजच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात आणि थंड पाण्यात लवकर सुटत नाहीत. आधी पातळाचा एक कोपरा कोमट पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. रंग उतरत नसेल, तर पातळ कोमट पाण्यात तासभर भिजवा, हलक्या हाताने चोळा आणि पाणी बदलून पुन्हा तसेच करा. गिरण्यांत हेच काम अमायलेज या विकराकडून करून घेतात. ते पिष्टाच्या साखळ्या तोडते, सेल्युलोजला हात लावत नाही. आपल्या लाळेत आणि मोड आलेल्या धान्यात तेच विकर असते.

खळ निघाली की नाही, हे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडिनने कळते. ते पातळावर टाकू नका, डाग पडेल. दोनदा धुतल्यावर पातळाचा एक पदर कपभर गरम पाण्यात पाच मिनिटे बुडवून ठेवा आणि ते पाणी पिळून पांढऱ्या बशीत घ्या. पाणी पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम पाण्यात पिष्ट आणि आयोडिन यांचा निळा रंग दिसत नाही. मग आयोडिनचा एक थेंब टाका. निळा किंवा जांभळा रंग आला, तर पातळात अजून खळ आहे. ते पुन्हा भिजवावे लागेल. थेंबाचा मूळचा तांबूस पिवळाच रंग राहिला, तर पातळ सावलीत वाळवून पेटीत ठेवायला हरकत नाही.